टिपणावरून शेत सॅटेलाइट फोटोवर कसं बसवायचं, साखळी-आणे वाचण्यापासून सुरुवात करून

वडिलोपार्जित जमीन असते, सातबारा असतो, कपाटातल्या पिशवीत भूमी अभिलेख ऑफिसातून आणलेली टिपणाची नक्कल पण असते, आणि तरी शेतात उभं राहिल्यावर आपली हद्द नेमकी कुठून कुठे हे घरातल्या नव्या पिढीला सांगता येत नाही. मग कोणीतरी त्या टिपणाचा मोबाइलने फोटो काढतो, गूगल अर्थवर टाकतो, ओढून ताणून बांधांवर बसवतो आणि म्हणतो, बघा, शेजाऱ्याने आपलं दहा फूट खाल्लंय. हे असं करू नका. मी पण पहिल्यांदा हेच केलं होतं आणि अर्धं शेत नाल्यात गेलं होतं. का गेलं ते सांगतो, कारण सगळी पद्धत त्या एकाच गोष्टीवर उभी आहे.

टिपण हा स्केलचा नकाशा नाहीच. जुन्या मोजणीवेळी शेतात उभं राहून हाताने काढलेला तो कच्चा आकार असतो, त्यात रेघ लांब दिसते म्हणून ती खरंच लांब असेल असं काही नाही. टिपणात खरे असतात ते रेघांवर लिहिलेले आकडे. म्हणजे चित्र बसवायचं नाही, आकडे वाचायचे, त्यावरून स्वतः स्केलने नवीन आकृती काढायची आणि ती आकृती सॅटेलाइटवर बसवायची. (मी इथे लिहितोय ते महाराष्ट्रातल्या जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीचं, म्हणजे साखळी-आण्यांचं आहे. तुमच्याकडच्या टिपणावर मीटर लिहिले असतील तर रूपांतराचा भाग सोडून द्या, बाकी सगळं तेच.)

आधी कागद बरोबर आहे का ते बघा

सातबाऱ्यावर आज बहुतेक गावांत गट नंबर असतो, टिपण मात्र जुन्या सर्व्हे नंबरचं असतं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जोडून किंवा बदलून गट नंबर पडले, त्यामुळे गट १४२ म्हणजे सर्व्हे नंबर १४२ असं समजू नका. कुठल्या जुन्या नंबरचा कुठला गट झाला हे मोजणी ऑफिसातल्या गट बुकात आणि एकत्रीकरणाच्या कागदात सापडतं, ते आधी जुळवा. आणि तुमचा फक्त पोटहिस्सा असेल तर अख्ख्या सर्व्हे नंबरचं टिपण पुरणार नाही, हिस्सा पाडला त्या वेळच्या फाळणीची नक्कल लागेल.

जुने स्कॅन केलेले कागद बऱ्याच जिल्ह्यांचे `aapleabhilekh.mahabhumi.gov.in` वर मिळतात, आणि गटाचा आकार आणि आजूबाजूचे गट `mahabhunakasha.mahabhumi.gov.in` वर बघता येतात. तो ऑनलाइन आकार काढून ठेवा, पण त्याच्यावर माप घेऊ नका. गाव नकाशे पुष्कळ ठिकाणी एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणात आहेत, म्हणजे १:७९२०. या प्रमाणात कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर जवळजवळ ४ मीटरची होते. तो नकाशा तुमचं शेत कुठे आहे आणि त्याच्या कडेला कोण कोण आहे एवढं सांगायला उत्तम आहे. शेत केवढं आहे हे सांगायला टिपण.

साखळी, आणे आणि त्या उभ्या रेघा

साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. मीटरमधे एक साखळी १०.०५८ आणि एक आणा साधारण ६३ सेंटिमीटर. याच्यातली सुंदर गोष्ट अशी की एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे बरोबर एक गुंठा (३३ × ३३ = १०८९ चौरस फूट), त्यामुळे साखळ्यांत गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांत येतं, मधे कसलंच रूपांतर नाही.

आता टिपणात काय दिसतं ते. शेताच्या मधून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ मुख्य रेघ असते, आणि त्या रेघेवरून डावीकडे उजवीकडे काटकोनात रेघा निघालेल्या असतात, त्यांना लंब म्हणतात. मुख्य रेघेवरचा आकडा सांगतो सुरुवातीपासून किती चालून आलो, आणि लंबावरचा आकडा सांगतो तिथून हद्दीचा कोपरा बाजूला किती आहे. बस, एवढ्या दोन प्रकारच्या आकड्यांतून अख्खं शेत उभं राहतं.

फसायला होतं ते आकडे लिहायच्या पद्धतीत. जुनी टिपणं मोडीत असतात आणि आणे नेहमी १२-८ असे सरळ लिहिलेले नसतात, पाव-अर्धा-पाऊणच्या खुणांनी असतात. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, म्हणजे ४ आणे. दोन रेघा म्हणजे अर्धा, ८ आणे. दोन रेघा आणि बाजूला सुटी अजून एक म्हणजे पाऊण, १२ आणे. म्हणजे १२॥ हे बाराशे अकरा नाही, ते साडेबारा साखळ्या. नवीन माणूस या रेघांना एकचा आकडा समजतो किंवा कागद फाटका असेल तर तिसरी रेघ त्याला दिसतच नाही. पावाच्या आतले आणे वेगळ्या बारीक खुणांनी असतात, तिथे अंदाज करू नका, मोडी वाचणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या आणि नकलेवर पेन्सिलने आपले आकडे लिहून ठेवा.

एक शेत पूर्ण करून बघू

मी मामांच्या शेताचं केलं तेच घेतो. मुख्य रेघ दक्षिणेच्या कोपऱ्यापासून उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत, लांबी १२॥ साखळ्या. पूर्वेला दोन लंब: २ साखळ्यांवर ३॥ चा, आणि १० साखळ्यांवर ४। चा. पश्चिमेला दोन: ४ साखळ्यांवर २॥। चा, आणि ११ साखळ्यांवर २। चा. शिवाय पूर्वेच्या बाजूला एक विहीर, ६ साखळ्यांवर लंब ३ चा.

काही काढायच्या आधी क्षेत्र करून बघा, ही पायरी कधीच सोडायची नाही. दोन्ही टोकांना त्रिकोण आणि मधे दोन लंबांमधली पट्टी, पट्टीसाठी दोन लंबांची सरासरी गुणिले मधलं अंतर.

पूर्व बाजू: पहिला त्रिकोण २ × ३.५ ÷ २ = ३.५, मधली पट्टी ८ × ३.८७५ = ३१, शेवटचा त्रिकोण २.५ × ४.२५ ÷ २ = ५.३१. एकूण ३९.८१ गुंठे.

पश्चिम बाजू: ४ × २.७५ ÷ २ = ५.५, मग ७ × २.५ = १७.५, मग १.५ × २.२५ ÷ २ = १.६९. एकूण २४.६९ गुंठे.

दोन्ही मिळून ६४.५ गुंठे, म्हणजे १ एकर २४॥ गुंठे, आणि जुन्या कागदावर क्षेत्र तेवढंच होतं. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमधे दिसेल, एक गुंठा म्हणजे १.०१२ आर, त्यामुळे साधारण ०.६५ हेक्टर. इथे पोटखराबा धरूनचं एकूण क्षेत्र जुळवायचं, नुसतं लागवडीचं नाही, टिपण पूर्ण जमिनीचं असतं.

हे पहिल्या झटक्यात जुळलं नव्हतं हे पण सांगतो. पश्चिमेचा २॥। मी २। वाचला होता, कारण घडीवर कागद झिजला होता, आणि क्षेत्र आलं ६१.७५ गुंठे. पावणेतीन गुंठे कमी! तोच चुकीचा आकडा घेऊन पुढे गेलो असतो तर आकृतीत तो कोपरा ५ मीटर आत आला असता आणि तिथला आकृती आणि बांध यांच्यातला खरा फरक, जो पुढे सांगतो, मला दिसलाच नसता. दोन न दिसलेल्या रेघांनी सगळा निकालच फिरवला असता. म्हणून क्षेत्र जुळत नाही तोवर कॉम्प्युटर उघडायचाच नाही, एकेक लंब परत वाचायचा.

ग्राफ पेपरवर

एक साखळी = २ सेंटिमीटर धरा. मुख्य रेघ २५ सेंटिमीटर होते आणि रुंदी ७ साखळ्या म्हणजे १४ सेंटिमीटर, ए-फोर ग्राफ पेपरवर आरामात बसतं. एक आणा सव्वा मिलिमीटरचा येतो, धार केलेल्या पेन्सिलने तेवढं दाखवता येतं. मुख्य रेघ काढा, लंब काढा, लंबांची टोकं आणि मुख्य रेघेची दोन टोकं जोडा, विहीर टिंबाने दाखवा, हद्द काळ्या पेनने गडद करा.

आता एक जादा काम जे मला फार उपयोगी पडलं. आकृतीभोवती बरोबर २६ × १६ सेंटिमीटरची चौकट काढा. ही जमिनीवर १३ × ८ साखळ्या, म्हणजे १३०.८ × ८०.५ मीटर होते. मोबाइलने तिरका फोटो निघाला तर चौकट वाकडी दिसते आणि लगेच कळतं, आणि पुढे माप बसवायला हीच चौकट वापरायची आहे. शक्यतो स्कॅनरवरच स्कॅन करा, नसेल तर कागद सपाट जमिनीवर ठेवून बरोबर वरून फोटो घ्या आणि चौकटीच्या बाहेरचं कापून टाका.

सॅटेलाइट फोटो निवडणं

कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो घ्या, फुकट आहे. शेत शोधायला महाभूनकाशाचा आकार शेजारी उघडा ठेवा आणि गावठाणापासून निघा: रस्त्याचा फाटा, नाल्याचं वळण, गावाची शीव, मग गट मोजत मोजत आपल्या जागेवर या. पॅटर्न एकदा डोळ्याला लागला की शेत सापडतं.

मग `Historical Imagery` चालू करून तारखा मागेपुढे करा. एप्रिल-मेचा फोटो मिळाला तर तोच घ्या, रानं रिकामी असतात आणि बांध पांढरट किंवा झुडपांच्या ओळीसारखे स्वच्छ दिसतात, पावसाळ्यातल्या फोटोत सगळं हिरवंगार आणि बांध गायब. तारखा बदलताना विहिरीकडे लक्ष ठेवा. एका तारखेला ती जिथे दिसते तिथून दुसऱ्या तारखेला काही मीटर सरकलेली दिसेल. विहीर तर सरकत नाही, फोटोच पृथ्वीवर थोडा इकडेतिकडे बसवलेला असतो. याचा अर्थ दोन वेगवेगळ्या तारखांच्या फोटोंवर मापं घेऊन तुलना करायची नाही, एक तारीख निवडायची आणि सगळं काम तिच्यावरच. आणि `R` दाबून नजर सरळ वरून करून घ्या, तिरक्या नजरेने माप चुकतं.

बसवणं

`Add` मधे `Image Overlay` घ्या, स्कॅन केलेली फाइल निवडा, `Transparency` अर्ध्यावर आणा. खिडकी बंद करू नका, ती उघडी असेपर्यंतच चित्र हलवता येतं. चित्रावर हिरव्या खुणा येतात: मधल्या फुलीने सगळं चित्र सरकतं, डावीकडच्या छोट्या खुणेने फिरतं, कोपऱ्यांनी लहानमोठं होतं. कोपरा ओढताना शिफ्ट दाबून ठेवा म्हणजे मधल्या बिंदूपासून लहानमोठं होईल. बाजूच्या मधल्या खुणांना हात लावू नका, त्यांनी चित्र एकाच दिशेने ताणलं जातं आणि मग तुमच्या सगळ्या आकड्यांचं वाटोळं.

मापासाठी सोपी युक्ती आहे. चित्र टाकायच्या आधीच `Ruler` ने शेताजवळ १३०.८ मीटरची एक रेघ मारून `Save` करा, आणि तिला काटकोनात ८०.५ ची दुसरी. मग चित्राची चौकट या दोन रेघांवर बसेपर्यंत लहानमोठी करा. लांबी जुळली पण रुंदी जुळत नाही असं झालं तर स्कॅन वाकडं आहे, परत करा, ताणून जुळवू नका. माप एकदा पक्कं झालं की इथून पुढे चित्र फक्त सरकवायचं आणि फिरवायचं. मोह फार होतो एखादा कोपरा जरा ओढून बांधावर टेकवायचा! तिथेच सगळं बिघडतं, कारण ओढून ताणून कुठलंही चित्र कुठल्याही शेतावर बसतं आणि मग त्या जुळण्याला काही अर्थच राहत नाही.

कशावर जुळवायचं? मोजणीच्या वेळी होतं आणि आज पण जागेवर आहे अशा गोष्टीवर. टिपणात दाखवलेली विहीर सगळ्यात चांगली. मग हद्दीचे दगड, गावाची शीव, जुनी पाणंद. झाडं, डांबरी रस्ता, कॅनॉल, नाल्याचा काठ यांच्यावर नाही, नाला तर दर मोठ्या पुराला काठ खातो. टिपणावरची उत्तर पण काटेकोर धरू नका, तो बाण दिशा कळण्यापुरता असतो, नेमका कोन तुम्हाला बांधांवरूनच मिळेल.

मामांच्या शेतात मी आधी विहिरीवर विहीर ठेवली. मग पूर्वेचा लांब बांध, जो आकड्यांवरून ८०.८ मीटर यायला हवा होता आणि फोटोवर `Ruler` ने ८१ च्या आसपास आला, त्याला समांतर होईपर्यंत चित्र फिरवलं, फिरवताना विहीर थोडी हलते ती परत जागेवर आणली, असं तीन-चार वेळा. शेवटी पूर्वेचे दोन्ही कोपरे, उत्तरेचं टोक आणि दक्षिणेचं टोक बांधापासून दीड मीटरच्या आत बसले, पश्चिमेचा वरचा कोपरा पण. राहिला पश्चिमेचा खालचा, तोच २॥। वाला. तिथे बांध आकृतीच्या ४ मीटर आत होता.

४ मीटर म्हणजे काय समजायचं

इथे दोन वेगळ्या चुका आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. सगळा फोटोच काही मीटर सरकलेला असणं ही एक चूक, पण ती सगळ्या कोपऱ्यांना एकाच दिशेने सारखी लागते, आणि आपण विहिरीवर विहीर ठेवली तेव्हाच ती निघून गेली. राहते ती शेताच्या आतल्या आतली चूक: बांध स्वतः मीटर-दीड मीटर रुंद, त्याच्या मधोमध हद्द धरायची की कडेला हे आपण ठरवलेलं, पेनची रेघ, जुनी साखळी ताणण्यातला फरक. ही सगळी मिळून एक-दोन मीटर सहज होते. म्हणून दीड मीटरचा फरक म्हणजे जुळलं असं समजा. बाकी सगळे कोपरे दीड मीटरच्या आत आणि एकच ४ मीटर, तर त्या कोपऱ्याबद्दल विचारायला जागा आहे. आणि सगळेच कोपरे ४-५ मीटर वेगवेगळ्या दिशांना पळत असतील तर बांधांचा दोष नाही, तुमचा आकडा किंवा नंबरच चुकलाय, बहुतेक शेजारचं शेत धरलंय.

मग मी जुन्या तारखांचे फोटो बघितले. सगळ्यात जुन्या स्पष्ट फोटोत पण बांध तिथेच होता, म्हणजे अलीकडे कोणी सरकवला असं म्हणायला आधार नव्हता. मामा म्हणाले, तिथे पूर्वीपासून पाणी साठायचं म्हणून नांगर वळवूनच घ्यायचो. हे फोटोवरून कधीच कळलं नसतं. तरी हद्द पक्की हवी म्हणून त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला, कारण आपल्या कॉम्प्युटरवरची आकृती वादात पुरावा म्हणून चालत नाही, चालते ती मोजणी होऊन मिळालेली 'क' प्रत. आपल्या आकृतीचा उपयोग एवढाच की मोजणीला माणसं येतील तेव्हा कुठल्या कोपऱ्याकडे नीट बघायचं हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

शेतात नेताना

खिडकीत `OK` करा, `Add` मधल्या `Polygon` ने हद्दीवरून गिरवून घ्या आणि डावीकडच्या यादीत त्यावर राइट क्लिक करून `Save Place As` ने फाइल मोबाइलमधे घ्या. पण मोबाइलचा निळा ठिपका मोकळ्या रानात पण ३ ते ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो, त्यामुळे डायरेक्ट कोपऱ्यावर जाऊन इथे दगड असायला हवा म्हणून खणू नका. आधी विहिरीपाशी जा, दोन-तीन मिनिटं थांबा, ठिपका स्थिर होऊ द्या आणि तो नकाशातल्या विहिरीपासून किती आणि कुठल्या दिशेला पडतोय ते बघून ठेवा. समजा ३ मीटर पूर्वेला पडला, तर लगेच कोपऱ्यावर गेल्यावर पण ठिपका तेवढाच पूर्वेला पडतोय असं धरून बघा. फार वेळ मधे जाऊ देऊ नका, थोड्या वेळाने तो फरक बदलतो, मग परत विहिरीवर येऊन बघायचं. दगड शोधताना गवत बाजूला करून बघा, जुना हद्दीचा दगड बरेचदा मातीत गेलेला असतो आणि फक्त डोकं वर असतं, आणि सापडला तर तो हलवायचा नाही, त्याचा फोटो काढायचा आणि शेजारच्या शेतवाल्यांना बोलावून दाखवायचा.